निवासी प्रशिक्षणात उशिरा येणं, लवकर जाणं आणि अंशतः हजेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवासी अभ्यासक्रमांचे हजेरीपट मी बरीच वर्षं सांभाळते आहे. प्रमाणपत्रं वाटायच्या दिवशी जे वाद होतात, ते बहुतेक वेळा माणूस आला होता की नाही यावर नसतात. तो किती वेळ होता, यावर असतात. आणि त्याचं उत्तर हजेरीपटात नसेल, तर त्या दिवशी ते कुठेच सापडत नाही.

खालच्या उत्तरांत सगळीकडे एकच अभ्यासक्रम धरला आहे: ५ दिवस, रोज ९० मिनिटांची ४ सत्रं. वेळा ९:३० ते ११:००, ११:१५ ते १२:४५, १:४५ ते ३:१५ आणि ३:३० ते ५:००. म्हणजे दिवसाला ३६० आणि एकूण १८०० मिनिटं. प्रमाणपत्रासाठी ९० टक्के हजेरी लागते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

माणूस रात्रंदिवस आवारातच राहतो. मग त्याची हजेरी 'अंशतः' कशी असेल?

कारण आवारात असणं आणि सत्रात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवासी प्रशिक्षणात नेमकी हीच गल्लत होते. नाव वसतिगृहाच्या यादीत आहे, खोलीची किल्ली घेतली आहे, रात्रीच्या मोजणीत माणूस आहे, म्हणून दिवसाचीही हजेरी लागून जाते.

दोन नोंदी वेगळ्या ठेवा. ये-जा वही गेटवर किंवा वसतिगृहाच्या टेबलावर असते. माणूस आवाराबाहेर कधी गेला आणि परत कधी आला, एवढंच तिच्यात लिहायचं. आग लागली किंवा रात्री कोणी परतलं नाही, तर आत कोण आहे हे त्याच वहीवरून कळतं. सत्राचा हजेरीपट वर्गात असतो आणि प्रमाणपत्राचा हिशोब फक्त त्याच्यावरून होतो. एक वही दुसरीच्या जागी वापरायची नाही, पण दोन्हींचा मेळ रोज संध्याकाळी घालायचा. हजेरीपटात शेवटच्या सत्राला पूर्ण हजेरी आणि ये-जा वहीत ४:१० ला बाहेर गेल्याची सही, अशी जोडी सापडली तर त्याच संध्याकाळी विचारता येतं. तीन दिवसांनी विचारलं तर कोणालाच काही आठवत नाही.

'अंशतः हजर' असा शेरा मारला की पुरत नाही का?

नाही. शेऱ्यावरून बेरीज होत नाही. पाच मिनिटं उशीर झालेलाही 'अंशतः' आणि शेवटची पाच मिनिटं डोकावलेलाही 'अंशतः'. चौकटीत शेऱ्याऐवजी वेळ लिहा. उशिरा आला तर आल्याची, लवकर गेला तर गेल्याची. मिनिटं नंतर सावकाश काढता येतात, पण वेळ त्या क्षणीच लिहावी लागते.

फरक किती पडतो ते एका खऱ्या प्रसंगावरून सांगते. एक प्रशिक्षणार्थी पहिल्या दिवशी ११:१० ला गेटवर पोहोचले. नोंदणी करून, सामान ठेवून ११:३५ ला वर्गात बसले. पहिलं सत्र पूर्ण गेलं, म्हणजे ९० मिनिटं, आणि दुसऱ्यातली २० मिनिटं गेली. तिसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीनंतर ते १:५७ ला आले, १२ मिनिटं गेली. पाचव्या दिवशी परतीच्या प्रवासासाठी ३:५० ला निघाले, शेवटच्या सत्रातली ७० मिनिटं गेली. एकूण १९२ मिनिटं गेली आणि १६०८ मिनिटं हजेरी भरली.

आता हाच माणूस वेगवेगळ्या पद्धतींनी मोजा. दिवसाला एक सही घेतली, तर पाचही दिवस हजर, १०० टक्के. सत्राला एक सही घेतली आणि जो आला तो हजर धरला, तर २० पैकी १९ सत्रं, ९५ टक्के. उशिरा आलेल्याचा किंवा लवकर गेलेल्याचा अर्धा दिवस धरला, तर पहिला, तिसरा आणि शेवटचा दिवस अर्धा, म्हणजे ५ पैकी साडेतीन दिवस, ७० टक्के. मिनिटांनी मोजलं तर १८०० पैकी १६०८, म्हणजे ८९.३३ टक्के. माणूस तोच, वर्ग तोच, पण दोन पद्धतींत तो निर्धास्त पास, एका पद्धतीत साफ नापास आणि एकीत थोडक्यात हुकलेला.

अर्ध्या दिवसाची पद्धत मला सगळ्यात अन्यायाची वाटते. शेवटच्या दिवशी ७० मिनिटं आधी निघालेल्याची तीत १८० मिनिटं जातात. शिवाय एकदा अर्धा दिवस गेलाच आहे म्हटल्यावर उरलेल्या अर्ध्या दिवसात यायची घाई कोणाला वाटत नाही.

उशीर नेमका कोणत्या क्षणापासून धरायचा? गेट, नोंदणी की बाक?

वर्गात बसल्याचा क्षण धरा. वरच्या उदाहरणात गेटवरची वेळ ११:१० आहे आणि वर्गातली ११:३५. गेटची वेळ धरली असती तर दुसरं सत्र पूर्ण भरलं असतं, आणि ते प्रत्यक्षात भरलेलं नव्हतं.

इथे एक अपवाद मी मनापासून मानते. उशीर आपल्या यंत्रणेमुळे झाला असेल, म्हणजे प्रशिक्षणार्थी वेळेवर येऊन नोंदणीच्या रांगेत उभा होता आणि रांगच हलत नव्हती, तर तो वेळ त्याच्या खात्यात टाकू नये. अशा वेळी वर्गात बसल्याची वेळ खरी तीच लिहावी आणि शेऱ्यात 'नोंदणीची रांग, ९:१० पासून उपस्थित' असं टिपावं. सूट द्यायची ती त्या शेऱ्याच्या आधारे द्यावी, वेळ बदलून नव्हे.

घड्याळ एकच असावं, वर्गाच्या भिंतीवरचं. ते रोज सकाळी लावून घ्या. नोंद करणाऱ्याचा फोन एक वेळ दाखवतो, प्रशिक्षणार्थ्याचं मनगटी घड्याळ दुसरी, आणि वाद दोन मिनिटांवर येऊन अडतो. भिंतीकडे बोट दाखवता आलं की तो तिथेच मिटतो.

दहा मिनिटांची सवलत दिली आहे. ती वजा करायची का?

या प्रश्नावर मी एकाच कार्यालयातल्या दोन लोकांना दोन वेगळी उत्तरं देताना पाहिलं आहे. दोघंही प्रामाणिक होते. नियम लिहिणाऱ्यानेच तो अर्धवट लिहिला होता.

सवलतीचे दोन अर्थ होतात. पहिला अर्थ असा की दहा मिनिटांपर्यंतचा उशीर मोजायचा नाही, पण त्यापुढे गेला तर सत्राच्या सुरुवातीपासून सगळा मोजायचा. दुसरा अर्थ असा की प्रत्येक उशिरातून दहा मिनिटं वजा करायची आणि उरलेली मोजायची. आपल्या उदाहरणात पहिल्या अर्थाने १९२ मिनिटं जातात, प्रमाणपत्र मिळत नाही. दुसऱ्या अर्थाने २० ची १० होतात आणि १२ ची २. मग ९०, १०, २ आणि ७० मिळून १७२ मिनिटं गेली, हजेरी १६२८ मिनिटं, म्हणजे ९०.४४ टक्के. प्रमाणपत्र मिळतं. नियमातल्या एका न लिहिलेल्या वाक्यावर सगळं फिरतं.

मी पहिला अर्थ घेते, कारण सवलत घड्याळाच्या आणि जिन्याच्या फरकासाठी आहे, सत्र लहान करण्यासाठी नाही. तुम्ही दुसरा घेतलात तरी हरकत नाही, पण तो पहिल्या दिवशीच्या माहितीपत्रकात उदाहरणासकट लिहा. सवलत लवकर जाण्याला लागू आहे की नाही, तेही लिहा. आमच्याकडे नाही. आणि सवलतीत बसणारा उशीर असला तरी चौकटीत खरी वेळ लिहायचीच, फक्त हिशोबात ती धरायची नाही. रोज नवव्या मिनिटाला येणारा माणूस कागदावर दिसला पाहिजे.

उशिरा येणारा दारातून समोर येतो. लवकर जाणारा कसा कळणार?

हीच नोंद सगळ्यात कच्ची राहते. सही सत्राच्या सुरुवातीला होते, आणि त्यानंतर कोण उठून गेलं याची दखल कोणीच घेत नाही. विशेषतः शेवटच्या दिवशी, जेव्हा निम्म्या लोकांच्या बॅगा दाराशी असतात.

दोन सह्या हा उपाय सगळे सांगतात, पण तो अर्धाच चालतो. शेवटची सही घेताना झुंबड उडते आणि शेजारच्याच्या नावापुढे सही होऊन जाते. मला उपयोगी पडलेली रीत साधी आहे: डोकी मोजणे. सत्र सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी एकदा आणि संपायच्या दहा मिनिटं आधी एकदा. आकडा जुळला तर काहीच करायचं नाही. नाही जुळला तरच नावं बघायची. चाळीस जणांच्या वर्गात मागच्या दाराशी उभं राहून हे मिनिटभरात होतं, आणि शिकवणाऱ्याला अडथळाही होत नाही.

याशिवाय जाण्याची चिठ्ठी ठेवावी. ज्याला लवकर जायचं आहे त्याने नाव, सत्र आणि निघायची वेळ लिहून दाराशी द्यायची. ती वेळ आधी लिहून ठेवायची नाही, निघतानाच लिहायची. '४ वाजता जाणार' असं सकाळी लिहून दिलेला माणूस कधी ३:२० ला जातो, कधी ४:३० पर्यंत बसतो.

कधी गेला तेच माहीत नाही. मग काय लिहायचं?

जे माहीत आहे ते लिहा. 'सव्वाचारच्या आसपास' हा अंदाज झाला. '३:४५ च्या मोजणीत होते, ४:५० च्या मोजणीत नव्हते' ही नोंद झाली. हिशोबासाठी या दोनपैकी कुठली वेळ धरायची हे नियमात ठरवा. मी उशिराची, म्हणजे प्रशिक्षणार्थ्याच्या बाजूची धरते, कारण नोंद ठेवायची जबाबदारी आपली होती आणि ती आपण पूर्ण केली नाही. पुढे 'अंदाजे' असं नक्की लिहा. एकाच माणसापुढे 'अंदाजे' तीनदा आलं, तर त्याच्याशी बोलायची वेळ झाली आहे.

शिकवणारेच उशिरा आले तर?

सत्र जितका वेळ प्रत्यक्ष झालं तितकाच वेळ मोजायचा. म्हणून हजेरीपटाच्या डोक्यावर सत्राची ठरलेली वेळ छापलेली असली, तरी तिच्याखाली 'प्रत्यक्ष सुरू' आणि 'प्रत्यक्ष समाप्त' असे दोन रकाने ठेवा आणि नोंद करणाऱ्याने ते आधी भरावेत. सत्र ९:५० ला सुरू झालं असेल, तर ९:४५ ला आलेला उशिरा आलेला नाही. सवलतीची दहा मिनिटंही ९:५० पासूनच.

मात्र मग भागाकारही बदलतो. ते सत्र ७० मिनिटांचं झालं, तर एकूण वेळ सगळ्यांसाठीच १७८० मिनिटं होतो. अंश बदलून छेद १८०० च ठेवला, तर वेळेवर येऊन बसलेल्या चाळीस जणांची हजेरी फुकट कमी होते. ही चूक मी एकदा केली आहे. सगळ्या वर्गाची हजेरी ९८.८९ टक्क्यांवर अडकलेली पाहून ती माझ्या लक्षात आली. कोणाचीच हजेरी पूर्ण भरत नसेल, तर आधी छेद तपासा.

कारण खरंच गंभीर असेल तर? आजारपण, घरी काही घडलं?

मिनिटं तीच राहतात. कारण वेगळ्या रकान्यात जातं आणि सूट द्यायची की नाही हा निर्णय तिसऱ्या ठिकाणी, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीने होतो. दयेपोटी चौकटीत 'हजर' लिहून टाकणं मला समजतं, पण त्याने पुढे त्या माणसाचंच नुकसान होऊ शकतं. जे सत्र त्याला मिळालंच नाही ते त्याने केलं असं कागद म्हणतो, मग ते पुन्हा करून द्यायची आठवणही कोणाला राहत नाही.

आजारपणाचा तपशील हजेरीपटावर नको. तो कागद वर्गात फिरतो. 'वैद्यकीय' एवढा शब्द पुरे, बाकीचे कागद समन्वयकाकडे.

पाणी प्यायला, फोन घ्यायला बाहेर गेलेल्यांचं काय?

सोडून द्या. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिला तरच लिहा, आणि तेव्हा जाण्याची व येण्याची दोन्ही वेळ लिहा.

हिशोब शीटवर कसा करायचा?

एका प्रशिक्षणार्थ्याच्या एका सत्राला एक ओळ. `C` रकान्यात सत्र प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ, `D` मध्ये संपल्याची, `E` मध्ये माणूस आल्याची, `F` मध्ये गेल्याची. मिनिटं अशी निघतात:

```
=IF(COUNT(E2:F2)<2,"तपासा",ROUND(MAX(0,MIN(D2,F2)-MAX(C2,E2))*1440,0))
```

दिवसाची १४४० मिनिटं, म्हणून शेवटी तो गुणाकार. दहा मिनिटांची सवलत या सूत्रात धरलेली नाही. निकालाच्या रकान्याचं स्वरूप वेळेचं नसावं, साध्या आकड्याचं असावं. पूर्ण गैरहजर माणसाची ० मिनिटं मी हातानेच लिहिते.

सुरुवातीचा `COUNT` अनावश्यक वाटेल, पण तो काढू नका. `MIN` आणि `MAX` रिकाम्या चौकटीकडे दुर्लक्ष करतात. `E` आणि `F` दोन्ही भरायचे राहिले तर सूत्र सत्राच्याच वेळा घेतं आणि जो आलाच नाही त्याला ९० मिनिटं देऊन टाकतं. वेळ मजकूर म्हणून बसली असेल तरीही तेच होतं.

दोन चुका मात्र `COUNT` लाही सापडत नाहीत. दुपारी १:५७ हे `1:57` असं लिहिलं तर शीटच्या लेखी ती मध्यरात्रीनंतरची वेळ असते, त्यामुळे उशीर दिसतच नाही. तिथे `13:57` हवं. आणि आपल्या सवयीने टिंब देऊन `9.45` लिहिलं तर शीट त्याला साधा आकडा समजते, आणि आल्याच्या रकान्यात तो असेल तर माणसाची हजेरी थेट ० येते. सगळं भरून झाल्यावर दुपारच्या सत्रांतल्या, उशिराची खूण असूनही ९० मिनिटं आलेल्या ओळी एकदा डोळ्यांखालून घाला. चूक असते ती बहुधा तिथेच.

चुकीची नोंद झाली तर खोडायची कशी?

एक आडवी रेघ मारा, जुनी वेळ वाचता आली पाहिजे. शेजारी नवी वेळ, कारण, सही आणि तारीख. पांढरा रंग लावलेला किंवा गिरवलेला आकडा खरा असला तरी नंतर कोणी मानत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चूक लवकर सापडावी. रोज संध्याकाळी ज्यांची अंशतः हजेरी लागली आहे, त्यांना त्यांची ओळ दाखवा आणि दुसऱ्या दिवशी पहिलं सत्र सुरू व्हायच्या आत हरकत घ्यायला सांगा. प्रत्येकाला फक्त स्वतःचीच ओळ दाखवा. अख्खी यादी फलकावर लावण्याच्या मी विरोधात आहे.

बुडालेला वेळ भरून काढता येतो का?

नियमात तशी सोय असेल तर येतो, पण त्यासाठी वेगळा 'भरपाई' रकाना हवा. मूळ सत्राची चौकट तशीच राहते. भरपाईत तारीख, वेळ, कोणाबरोबर आणि कोणता भाग केला हे येतं. निवासी अभ्यासक्रमाची ही मोठी सोय आहे, कारण संध्याकाळी प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघंही तिथेच असतात. गटात करायचा सराव मात्र असा भरून निघत नाही, कारण गट पुन्हा जमत नाही.

८९.३३ टक्के म्हणजे जवळजवळ ९०. एवढ्यासाठी प्रमाणपत्र अडवायचं?

टक्क्यांत बोललं की हा प्रश्न येतोच. म्हणून मी उंबरठा मिनिटांत सांगते: १८०० पैकी जास्तीत जास्त १८० मिनिटं चुकली तर चालेल. त्यात गोल करायला काही उरत नाही.

पण त्या गृहस्थांच्या बाबतीत खरी चूक आमची होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची १२२ मिनिटं गेलेली होती आणि ५८ उरली होती. हे आमच्या कागदात होतं, पण त्यांना कोणी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी रीतसर चिठ्ठी दिली, ती घेणाऱ्याने वेळ लिहून घेतली आणि त्यांना जाऊ दिलं. हजेरीचा आकडा त्यांना नंतर, पत्रातून कळला.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी, ज्यांची ९० पेक्षा जास्त मिनिटं गेली आहेत त्यांना उरलेल्या मिनिटांची चिठ्ठी हातात देतो. आणि जाण्याची चिठ्ठी घेणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशीची यादी असते, प्रत्येक नावापुढे 'या वेळेआधी निघाल्यास हजेरी अपुरी' अशी एक वेळ लिहिलेली. पाचला संपणाऱ्या सत्रातून ५८ मिनिटं मागे गेलं की त्यांच्या नावापुढे ४:०२ आलं असतं. ते बारा मिनिटं थांबले असते.